पाच मिनिटांचा रंग, शिल्लक ठेवलेली चांदी

पिकू लागलेल्या डोक्यावरचे चार-सहा केस घेऊन आधी पांढऱ्या कागदावर आणि मग काळ्या कापडावर ठेवून पाहा. लांबून करडं दिसणाऱ्या डोक्यावर खरोखर करडा असा केस क्वचितच सापडतो. काही केस पहिल्यासारखेच काळे असतात आणि काही पूर्ण पांढरे झालेले असतात. केसाला काळेपणा देणारं मेलॅनिन हे रंगद्रव्य मुळापाशी तयार होणं थांबलं, की तिथून पुढे उगवणारा केस बिनरंगाचा येतो. काळे आणि बिनरंगी केस शेजारी शेजारी असले की डोळा दोन्ही मिसळून बघतो, आणि आपण म्हणतो, ‘केस करडे झाले.’

पुरुषांच्या आखूड केसांसाठी सलूनमध्ये आणि घरगुती पाकिटांतही मिळणारा ‘ग्रे ब्लेंडिंग’ हा प्रकार याच गोष्टीवर उभा आहे. यात सगळं डोकं काळं करायचं नसतं. काळे केस आहेत तसेच राहतात. पांढऱ्यांपैकी बऱ्याच केसांवर मधली, धुरकट छटा चढते आणि उरलेले पांढरे मुद्दाम सोडले जातात. काळा, मधला आणि पांढरा असे तीन रंग एकत्र आले की पिकलेपण दिसतं, पण डोळ्यांत खुपत नाही. हे काम पातळसर जेलने होतं आणि पाच ते दहा मिनिटांत उरकतं. वेळ इतका थोडा म्हणून अनेकांना ते किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात सगळी मेख त्या मिनिटांतच आहे.

कलपापेक्षा वेगळं काय

आपल्याकडे केस रंगवणं म्हणजे कलप. पाकिटातली काळी पूड पाण्यात कालवायची किंवा ट्यूबमधलं क्रीम वाटीत मिसळायचं, डोक्यावर थापायचं आणि वीस-तीस मिनिटं वर्तमानपत्र वाचत बसायचं. धुतल्यावर सगळे केस एकाच काळ्या रंगाचे निघतात. तरुणपणीही कुणाचे सगळे केस इतके एकसारखे काळे नसतात. कानाजवळचे जरा फिके असतात, उन्हात राहणारे पुढचे केस किंचित तपकिरी असतात. ही चढउतार गेली की कपाळाच्या वर टोपी घातल्यासारखी सरळ रेघ दिसते आणि पाहणाऱ्याला कलप चटकन ओळखता येतो.

दुसरी अडचण आठ-दहा दिवसांनी येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, कधी थोडा जास्त. म्हणजे दहा दिवसांत तीन-साडेतीन मिलिमीटर नवा पांढरा केस काळ्या केसाच्या बुडाशी दिसू लागतो. लांब केसांत ही रेघ भांगात दिसते. आखूड केसांत ती सगळीकडे दिसते, कारण कानशिलावर मशीन फिरवलेला केस मुळात सहा मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या निम्म्याइतका नवा पांढरा भाग बुडाशी वाढतो. ज्याने दर रविवारी कलप लावायचं व्रत घेतलं आहे, तो या रेघेच्या मागे धावत असतो.

ब्लेंडिंगमध्येही पांढरा केस बुडाशी उगवतोच. पण वरचा रंग काळा नसून फिका धुरकट असतो, शिवाय आजूबाजूला मुद्दाम ठेवलेले पांढरे केस असतात. त्यामुळे बुडाचा पांढरा भाग वेगळा उठून दिसत नाही. रेघ दिसायला दोन रंगांत मोठा फरक लागतो, आणि तो फरकच इथे कमी केलेला असतो.

पाच मिनिटांत केसात काय घडतं

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. जेलमध्ये थोडा अल्कधर्मी पदार्थ असतो. त्याने केस किंचित फुगतो आणि खवले थोडे उचलले जातात. जेलमधले रंगाचे घटक या अवस्थेत लहान आणि जवळजवळ बिनरंगी असतात, म्हणून ते या फटींतून आत शिरतात. जेलमध्ये मिसळलेल्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. त्याच्यामुळे हे लहान घटक एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात. मोठे झाल्यामुळे ते सहजासहजी बाहेर पडत नाहीत. कायमच्या डायमध्येही मुळात हेच घडतं. ही रसायनं नवी नाहीत. फ्रान्समध्ये यूजेन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये कृत्रिम केसरंग बनवून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे लॉरिआल ही कंपनी उभी राहिली.

कायमच्या डायमध्ये ही क्रिया तीस-पस्तीस मिनिटं चालू देतात. ब्लेंडिंग जेल ती अर्ध्यावर थांबवतं. पाच मिनिटांत रंग केसाच्या बाहेरच्या थरांतच बसतो आणि तोही पूर्ण गडद होत नाही. म्हणून पांढऱ्या केसावर पारदर्शक पडदा टाकल्यासारखी छटा येते आणि आतली चमक थोडी झिरपत राहते. वरवर बसल्यामुळेच तो रंग धुण्याधुण्याला फिका होत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा निघून जातो.

थोड्या वेळाचा आणखी एक फायदा आपल्या काळ्याभोर केसांना होतो. पेरॉक्साइड जास्त वेळ आणि जोरात काम करू लागलं, तर ते नैसर्गिक मेलॅनिनही फिकं करतं. काळा केस फिका होताना आधी तांबूस दिसतो. वर्षानुवर्षं डाय करणाऱ्यांच्या डोक्यावर उन्हात जी लाली दिसते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. ब्लेंडिंगमध्ये डेव्हलपर सौम्य असतो आणि वेळ थोडा, म्हणून काळ्या केसांना फारसा धक्का लागत नाही. डेव्हलपरच्या बाटलीवर ‘१० व्हॉल्यूम’ लिहिलं असेल तर त्यात ३ टक्के पेरॉक्साइड आहे, ‘२० व्हॉल्यूम’ असेल तर ६ टक्के. वीसचा डेव्हलपर जेलमध्ये समप्रमाणात मिसळला, की मिश्रणातलं प्रमाण निम्म्यावर म्हणजे ३ टक्क्यांवर येतं. तीस किंवा चाळीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर या कामासाठी नाही. ‘लवकर चढेल’ म्हणून कुणी तो वापरायला निघालं, तर थांबवावं.

काळ्या केसांना काळी शेड नको

शेडचे नंबर गडदाकडून फिक्याकडे जातात. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये बसतात. ‘माझे केस काळे, म्हणून शेडही काळी’ हा सरळ वाटणारा हिशेब ब्लेंडिंगमध्ये चुकतो. काळे केस काळेच राहणार आहेत, त्यांना रंग हवाच कुठे आहे? रंग पांढऱ्या केसांसाठी निवडायचा आहे, आणि पांढरा केस थेट काळा झाला तर चांदी उरत नाही. म्हणून आपल्या मूळ रंगापेक्षा एक ते दोन पायऱ्या फिकी शेड घ्यावी. काळ्या केसांच्या माणसाला बहुतेक वेळा ४ चालते, आणि पांढरं जास्त असेल तर ५.

नंबराइतकीच छटा महत्त्वाची. तपकिरी रंगात लाल-सोनेरी झाक असेल, तर तो फिका होताना तांबूस दिसतो. त्यासाठी राखाडी झाकेची शेड निवडतात. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात टिंबानंतर १ असेल, तर ती शेड राखाडी असते. मात्र तीही बेताने वापरावी. पांढरा केस धुराने, उन्हाने किंवा तेलाने पिवळसर झाला असेल, तर फार राखाडी रंग त्यावर हिरवट, शेवाळी दिसू शकतो. अशा वेळी साध्या तपकिरीत थोडी राखाडी शेड मिसळणं बरं.

एक काम, जवळून

ठाण्यातल्या एका छोट्या सलूनमध्ये पाहिलेलं हे काम. खुर्चीत अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ. कानशिलं आणि कल्ले निम्म्याहून जास्त पांढरे, कपाळावरच्या केसांत पावपेक्षा कमी, टाळूवर जेमतेम तुरळक. पुरुषांचे केस बहुधा याच क्रमाने पिकतात. आधी कानशिलं, मग पुढचा भाग, मग टाळू आणि सर्वांत शेवटी मान.

“अरे, एकदम काळं करू नकोस. ऑफिसात सगळे विचारतील,” ते म्हणाले.

“नाही सर. पुढचे पांढरे मी हातही लावणार नाही. फक्त साइड दाबू या,” सलूनवाल्याने सांगितलं.

आधी कटिंग झाली. रंगाच्या आधी केस कापण्याचं कारण साधं आहे. जे केस जमिनीवर पडणार, त्यांना रंग लावण्यात अर्थ नाही. शिवाय कापल्यावर पांढरं किती आहे ते खरं दिसतं. बाजूला दोन नंबरचं मशीन फिरलं, म्हणजे सहा मिलिमीटर. वर कात्रीने चार सेंटिमीटर ठेवले. मग साध्या शॅम्पूने डोकं धुतलं, कंडिशनर लावला नाही आणि केस टॉवेलने कोरडे केले. सकाळी खोबरेल तेल लावून आलेल्या माणसाच्या केसांवर रंग नीट बसत नाही, कारण तेलाच्या थरावरून जेल घसरतं. तेच तेल कपाळाच्या कडेला आणि कानांवर मात्र उपयोगी पडतं. सलूनवाल्याने तिथे बोटाने व्हॅसलीनची पातळ रेघ ओढली, म्हणजे कातडीवर डाग बसणार नाही.

प्लॅस्टिकच्या वाटीत पंधरा ग्रॅम जेल आणि पंधरा मिली डेव्हलपर. आखूड केसांना एवढं पुरतं. सगळ्या कंपन्यांचं प्रमाण समान नसतं, त्यामुळे ते पाकिटावर वाचूनच घ्यायचं. धातूची वाटी वापरत नाहीत, कारण पेरॉक्साइड धातूबरोबर क्रिया करतं. कालवल्यावर जेल फिकट होतं, पण दोन-तीन मिनिटांत गडद होऊ लागतं, कारण रंगाची क्रिया वाटीतच सुरू झालेली असते. म्हणून कालवून ठेवलेलं जेल नंतरसाठी झाकून ठेवता येत नाही. बंद बाटलीत वायू साठून ती फुटण्याचाही धोका असतो.

शेड होती राखाडी झाकेची मध्यम तपकिरी. हातमोजे घालून त्याने आधी दोन्ही कानशिलं आणि कल्ले घेतले. जेलचा फायदा इथे दिसला. सहा मिलिमीटरच्या खुंटांत क्रीम ब्रशने भरत बसावं लागतं. जेल बोटांनी चोळताच मुळापर्यंत गेलं आणि खाली ओघळलंही नाही. मिनिटभरात दोन्ही बाजू झाल्या. मग कानांच्या मागे आणि मानेवर. तिसऱ्या मिनिटाला रुंद दातांच्या फणीला थोडं जेल लावून ती टाळूवरून दोनदा ओढली. फणीच्या दातांना लागले तेवढेच केस रंगले, बाकीचे सुटले. कपाळावरच्या पांढऱ्या बटांना त्याने खरोखर हात लावला नाही.

या क्रमात मोठी अक्कल आहे. जिथे जेल आधी लागलं, तिथे ते साडेपाच मिनिटं राहिलं, आणि जिथे शेवटी लागलं, तिथे अडीच. एकाच वाटीतल्या एकाच रंगाने दोन वेगळ्या गडदपणाच्या छटा आल्या. म्हणून जिथे पांढरं जास्त दाबायचं आहे तिथे सुरुवात करायची आणि जिथे चांदी ठेवायची आहे तिथे सर्वांत शेवटी यायचं किंवा यायचंच नाही. सरधोपटपणे पुढून मागे लावत गेलं, तर जो भाग आरशात सर्वांत आधी दिसतो तोच सर्वांत गडद होतो. पाकिटावर दिलेली वेळ लावायला सुरुवात केल्यापासूनची आहे की लावून संपल्यापासूनची, हेही आधी वाचावं. दहा मिनिटांच्या जेलमध्ये दोन मिनिटांनी फारसं बिघडत नाही. पाच मिनिटांच्या जेलमध्ये ती जवळजवळ निम्मी वेळ आहे.

चौथ्या मिनिटाला त्याने ओल्या कापसाने कानशिलाचा एक छोटा भाग पुसून पाहिला. डोक्यावरचं जेल तोवर काळपट झालेलं असतं आणि पहिल्यांदा रंगवणारा माणूस ते पाहून घाबरतो किंवा फसतो. जेलचा रंग म्हणजे केसाचा रंग नव्हे. पुसल्यावर जो दिसतो तो खरा. तिथे छटा अजून फिकी होती, म्हणून आणखी मिनिटभर ठेवलं. मग थोडं पाणी शिंपडून सगळीकडे बोटांनी चोळलं. सुटलेलं जेल कडेच्या कातडीवरचे डागही बरोबर घेऊन जातं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन शेवटी शॅम्पू.

कोरडं झाल्यावर कानशिलं ढगाळ करड्या रंगाची दिसत होती. जवळून पाहिलं तर त्यात काळे केस, धुरकट केस आणि जेल नीट न लागलेले मोजके पांढरे केस वेगवेगळे ओळखता येत होते. कपाळावर चांदी तशीच होती. सलूनवाल्याने जाताना सांगितलं, “दोन-तीन वेळा डोकं धुतलंत की अजून थोडं खाली बसेल.” हे खरं आहे. पहिल्या दिवशी रंग एक पायरी गडद वाटतो, म्हणून त्याच दिवशी निकाल लावू नये.

सहा मिलिमीटरचा हिशेब

ब्लेंडिंग आखूड केसांनाच का शोभतं, हे थोडं मोजून पाहिलं की कळतं. याच गृहस्थांचं डोकं तीन आठवड्यांनी घेऊ. कानशिलावरचा केस तोवर सुमारे सात मिलिमीटर वाढलेला असेल, म्हणजे एकूण तेरा. त्यातले बुडाचे सात नवे, न रंगवलेले आणि टोकाचे सहा जुने, रंगवलेले. आता पुन्हा दोन नंबरचं मशीन फिरलं, तर टोकाचे सात मिलिमीटर जातात आणि जुना रंग पूर्णपणे कापला जातो. कानशिलं पुन्हा कोऱ्या पाटीसारखी होतात. शेड चुकली असेल, गडद झाली असेल, काही आवडलं नसेल, तर एका कटिंगमध्ये सगळं संपतं.

वरच्या चार सेंटिमीटर केसांचं तसं नाही. तिथेही सात मिलिमीटर वाढले आणि तेवढेच कापले, तर तीन सेंटिमीटरहून जास्त भागात जुना रंग शिल्लक राहतो. त्यावर दर कटिंगला जेल लावत गेलं, की थरावर थर बसतात आणि टोकं मुळांपेक्षा गडद होत जातात. दोन-चार महिन्यांत वरचा भाग काळाकुट्ट आणि बाजू करड्या अशी विचित्र जोडी तयार होते. म्हणून जाणकार सलूनवाले बाजूंना दर कटिंगला रंग लावतात. वरच्या भागाला एक कटिंग सोडून आणि तेही फणी ओढण्यापुरताच लावतात. आरशात टोकं मुळांपेक्षा गडद दिसू लागली, की वरचा रंग दोन महिने बंद ठेवावा.

बिघडतं कुठे आणि का

सर्वांत जास्त तक्रार रंग चढलाच नाही अशी असते. कानशिलावरचे पांढरे केस बऱ्याचदा जाड आणि ताठ असतात आणि त्यांचे खवले घट्ट बसलेले असतात. तिथे दोन मिनिटं जास्त लागतात. पण त्याआधी तेल, हेअर जेल किंवा सीरम राहिलं नव्हतं ना, हे बघावं. वेळ वाढवण्यापेक्षा केस स्वच्छ करून पाहणं जास्त उपयोगी पडतं.

दुसरा प्रश्न आधीच्या रंगाचा. रोज लावून हळूहळू केस काळे करणारी काही द्रव्यं धातूच्या क्षारांवर चालतात. त्यांतल्या काहींत पूर्वी शिसं असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केसरंगात लेड ॲसिटेट वापरण्याची परवानगी मागे घेण्याचा निर्णय २०१८ मध्ये जाहीर केला. धातूचा थर बसलेल्या केसावर पेरॉक्साइड आलं, तर केस तापू शकतो, तुटू शकतो किंवा भलताच रंग घेऊ शकतो. काही ‘काळ्या मेंदी’च्या पाकिटांतही मेंदीखेरीज काय काय असतं, ते वेष्टण वाचल्याशिवाय कळत नाही. शंका असेल तर कापलेले दहा-बारा केस कालवलेल्या जेलमध्ये अर्धा तास ठेवून पाहावेत. वाटी गरम लागली, फेस आला किंवा केस ठिसूळ झाले, तर तो भाग कापून जाईपर्यंत जेल लावू नये.

तिसरी गोष्ट दाढी-मिशीची. डोकं करडं आणि मिशी पांढरीशुभ्र राहिली, तरी ते वाईट दिसत नाही. उलट मिशी काळी करून डोकं करडं ठेवलं, तर ते लगेच नजरेत येतं. दाढीचे केस जाड, खालची कातडी पातळ आणि रोज वस्तरा लागून सोललेली. तिथे डोक्याचं जेल लावू नये. दाढीसाठी वेगळं जेल मिळतं, तेही ताज्या दाढीवर नको.

‘अमोनियारहित’ म्हणजे ॲलर्जीरहित नव्हे

या जेलच्या पाकिटावर ‘अमोनियारहित’ ठळक लिहिलेलं असतं आणि बहुतेकांना ते पूर्ण निर्धोक वाटतं. अमोनिया नसतो, पण त्याचं केस फुगवण्याचं काम करायला दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतोच, बहुतेक वेळा मोनोइथॅनोलामीन. त्याला वास कमी, एवढाच मोठा फरक. ॲलर्जी मात्र सहसा अमोनियामुळे येत नाही. ती रंगाच्या घटकांमुळे येते. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमीन, ज्याला पीपीडी म्हणतात. काही जेलमध्ये त्याऐवजी टोल्युइन-२,५-डायअमीन असतं. पीपीडीची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी अनेकांना तेही सोसत नाही.

पाच मिनिटांत काय होणार, असं म्हणता येत नाही. ज्याचं शरीर या घटकाला आधीच बिचकलेलं आहे, त्याला थोड्या स्पर्शानेही कानांवर, पापण्यांवर, कपाळावर सूज आणि खाज येऊ शकते. ही प्रतिक्रिया बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, त्यामुळे ‘डास चावला असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून अंगावर पुरळ आलं असेल, तर तो मोठा इशारा समजावा. त्या मेंदीत अनेकदा पीपीडीच असतं.

आपल्याकडच्या नियमांनुसार अशा डायच्या वेष्टणावर आधी त्वचेची चाचणी करण्याची आणि पापण्या व भुवयांना डाय न लावण्याची सूचना छापावी लागते, कारण तो डोळ्यांत गेल्यास अंधत्व येऊ शकतं. चाचणी सोपी आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला साबणाने धुऊन, वापरण्यासारखं कालवलेलं थोडं मिश्रण लावायचं, वाळू द्यायचं आणि पाकिटावर दिलेला वेळ थांबायचं. त्वचेचे डॉक्टर अठ्ठेचाळीस तास वाट पाहायला सांगतात, कारण प्रतिक्रिया उशिरा येते. लाली, खाज किंवा फोड दिसला, तर ते जेल आणि त्याच घटकांचा कुठलाही डाय लावू नये. सलूनमध्ये गेल्या गेल्या खुर्चीत बसून ही चाचणी होत नाही. आधीच्या कटिंगला जाल तेव्हाच ती करून घ्यावी.

केव्हा सुरू करावं, केव्हा थांबावं

शंभरातले दहा-पंधरा केस पांढरे असतील, तर ब्लेंडिंगने फार फरक दिसत नाही. चांगली कटिंग पुरते. वीस ते पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत ते सर्वांत चांगलं दिसतं, कारण तेव्हा डोक्यावर काळे केस पुरेसे असतात आणि धुरकट केसांना त्यांचा आधार मिळतो. त्याच्या पुढे काळे केसच उरत नाहीत. मग सगळ्या डोक्यावर एकच फिका तपकिरी रंग बसतो आणि तो मातकट, निर्जीव दिसतो. त्या टप्प्यावर नुसती पांढऱ्या केसांची पिवळी झाक काढणारा जांभळा शॅम्पू जास्त शोभून दिसतो.

म्हणून हा रंग कायम एकाच शेडने लावत राहायचा नाही. वर्ष-दोन वर्षांनी पांढरं वाढलं, की शेड ४ वरून ५ वर न्यावी, पाच मिनिटांची तीन करावीत आणि सुरुवातीला कपाळापुरती ठेवलेली चांदी कानशिलांपर्यंत येऊ द्यावी. कलप सोडू पाहणाऱ्यांनाही हाच रस्ता उपयोगी आहे. कलप लावलेले केस शक्य तितके आखूड करायचे, नव्याने उगवलेल्या पांढऱ्या केसांवर दर कटिंगला हलकी छटा द्यायची आणि काळी टोकं प्रत्येक वेळी कापत जायची. चार-पाच कटिंगमध्ये जुना काळा रंग संपतो. मधल्या काळात अर्धं डोकं काळं आणि अर्धं पांढरं असं दिसत नाही आणि रंग थांबवायचा दिवस आला, तरी तो कुणाच्या ध्यानात येत नाही.